जाणत्या बागायतदाराकडून बहारभर मार्गदर्शन कसे मागावे

वरुड-मोर्शीकडे किंवा काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याची बाग नव्याने फळावर येते, तेव्हा ती धरणाऱ्या तरुणाला पुस्तकी माहितीची चणचण फारशी भासत नाही. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत, नागपूरची लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे, शिवाय मोबाइलवर रोज नवे व्हिडिओ येत असतात. त्याला उणीव भासते ती अशा माणसाची, जो त्याच मातीत वीस-पंचवीस बहार पाहून बसला आहे आणि झाडाकडे पाहून ‘अजून चार दिवस थांब’ असे सांगू शकतो. असा माणूस बहुतेक गावांत एखादाच असतो आणि त्याच्याकडे जाणारे मात्र पुष्कळ असतात. त्याच्याकडून एका बहारापुरते नियमित मार्गदर्शन कसे मागावे आणि मिळाल्यावर ते कसे टिकवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. सोयीसाठी या जाणत्या माणसाला मी ‘काकाजी’ म्हणेन, कारण आपल्याकडे अशा माणसाला बहुधा त्याच नावाने हाक मारतात.

उदाहरणासाठी एक बाग डोळ्यांपुढे ठेवू. दोन एकर मध्यम काळी जमीन, सहा बाय सहा मीटरवर लावलेली सुमारे 220 झाडे, झाडांचे सहावे वर्ष आणि पहिल्यांदाच धरायचा आंबिया बहार. मालक तिशीतला आहे, वडील नुकतेच थकले आहेत. काकाजींची बाग दोन गावे पलीकडे आहे, वडिलांची आणि त्यांची जुनी ओळख आहे, पण रोजचे येणे-जाणे नाही.

काकाजींवर नेमका कशाचा भार पडतो

आपण सहसा समजतो की समोरच्याचा एक तास घेतला म्हणजे तेवढाच त्रास दिला. माझ्या मते तास हा त्यातला लहान भाग आहे. खरा भार तीन गोष्टींचा पडतो. एक म्हणजे तुमची बाग त्यांना डोक्यात वागवावी लागते. तुम्ही फोनवर ‘ते मागं सांगितलं होतं ना, ते झालं’ असे म्हणता, तेव्हा ते म्हणजे काय, कोणते झाड, कोणती फवारणी, हे आठवण्याचे काम तुम्ही त्यांच्यावर ढकलता. दुसरी गोष्ट अनिश्चिततेची आहे. फोन कधी वाजेल, दारात गाडी कधी उभी राहील, याचा नेम नसला की माणूस टाळाटाळ करू लागतो. तिसरी गोष्ट गावात कोणी उघड बोलत नाही, ती म्हणजे ठपक्याची भीती. काकाजींनी औषधाचे नाव सांगितले, तुम्ही भलत्या प्रमाणात मारले, पाने करपली, तर चार लोकांत ‘त्यायनंच सांगितलं होतं’ असे होते. अनेक जाणते शेतकरी नियमित सल्ला द्यायला कचरतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे आणि पुढे सांगितलेल्या बऱ्याच पायऱ्या हा ठपका त्यांच्यावर येऊ नये यासाठीच आहेत.

याखेरीज घरातल्या माणसांवरचा भार वेगळा. तुम्ही गेलात की चहा ठेवावा लागतो, सकाळी गेलात तर पोहे होतात, आणि ते करणारी काकू त्या वेळी कापूस वेचायला निघालेली असू शकते. मार्गदर्शन मागताना या घराचा वेळही मोजावा.

आधी प्रश्नांची वाटणी करा

काकाजींकडे जाण्याच्या आधी एका वहीत या बहारात तुम्हाला पडतील असे वाटणारे सर्व प्रश्न लिहून काढा. मग त्यातले कोणते दुसरीकडे सुटतात ते पाहा. मातीत काय कमी आहे हे माती परीक्षण सांगते; नमुना घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावा. औषधाचे प्रमाण बाटलीच्या लेबलवर आणि विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या शिफारशीत असते. ठिबकचे अनुदान, फळपीक विमा, पंचनामा हे सहायक कृषी अधिकाऱ्याचे आणि संबंधित कार्यालयाचे काम. भाव काय चालला आहे हे दोन-तीन व्यापाऱ्यांना आणि बाजार समितीत विचारले की कळते. बोर्डो पेस्टसाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी लागते, हे छापील माहितीत सहज सापडते. त्यासाठी काकाजींना फोन करणे म्हणजे त्यांच्याकडून पाढे वदवून घेणे होय.

उरलेल्या प्रश्नांकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येईल. त्यातले बहुतेक प्रश्न डोळ्यांनी पाहून ठरवायचे असतात. फुले यावीत म्हणून पाणी तोडून झाडाला दिलेला ताण पुरेसा बसला का? आंबिया बहारासाठी साधारण डिसेंबरात पाणी तोडतात आणि जानेवारीत ताण सोडतात, पण हलक्या जमिनीत तो लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत त्याला जास्त दिवस लागतात, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळे गणित बदलते. पाने निस्तेज होणे, मलूल होणे, काही गळू लागणे ही लक्षणे वाचून माहीत असली तरी ‘एवढे मलूल म्हणजे पुरे’ हे ओळखायला अनुभवाची नजर लागते. तीच गोष्ट या वर्षी या वयाच्या झाडावर किती फळ ठेवावे याची, आणि पावसाळ्यात लागलेली गळ कोणत्या प्रकारची आहे याची. काकाजींचा वेळ या तीन-चार निर्णयांसाठी राखून ठेवा. आमच्या उदाहरणातल्या तरुणाने वीसेक प्रश्न लिहिले असतील, तर वाटणीनंतर त्याच्याकडे पाच-सहाच उरतील, आणि नेमके तेच विचारण्याजोगे असतील.

त्यांचे वर्ष समजून घ्या

नियमित भेट म्हणजे दर रविवारी भेट, असा अर्थ घेऊ नये. शेतीत आठवडा हे माप फारसे उपयोगी नसते. झाडाची अवस्था बदलते तेव्हाच प्रश्न बदलतो, म्हणून भेटीही अवस्थांना बांधाव्यात. पण त्याच वेळी काकाजींच्या घरी काय चालले आहे, तेही पाहावे. जून-जुलैत पेरणीची घाई असते. ऑक्टोबरपासून त्यांचा स्वतःचा आंबिया तोडणीवर येतो, व्यापारी, मजूर, क्रेट आणि गाड्या यांच्या मागे ते दिवसभर असतात, त्यातच कापसाची वेचणी सुरू होते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असेल तर रात्रभर पाणी दिलेला माणूस सकाळी नऊ वाजता झोपलेला असू शकतो. ती पाळी कोणत्या दिवसांत आहे हे आधी विचारून घ्यावे. बाजाराचा दिवस, पोळ्याचे दोन-तीन दिवस, घरातले लग्नकार्य हे वगळावेच.

हे सगळे मांडल्यावर आमच्या बागेसाठी पाच भेटी पुरतात. पहिली नोव्हेंबरच्या अखेरीस, पाणी तोडण्यापूर्वी. ही वेळ त्यांच्या तोडणीच्या गर्दीत येते, म्हणून ती छोटी ठेवावी आणि त्यांच्या बागेत काम चालू असतानाच उरकावी. दुसरी जानेवारीत, ताण सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी. ही मात्र तुमच्या बागेतच व्हायला हवी, कारण मलूल पानांचा फोटो फसवतो. तिसरी फळ बोराएवढे झाल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर. चौथी पावसाच्या आधी, मे अखेरीस, निचऱ्याचे चर आणि खोडाच्या डिंक्याबाबत. पाचवी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गळीच्या काळात. तोडणी झाल्यावर एक हिशेबाची बैठक, पण ती मागणीत धरू नये. तेव्हा नाते कसे आहे त्यावर ती ठरते.

मागणी कशी करावी

पहिली मागणी फोनवर करू नये आणि लग्नाच्या पंगतीत तर मुळीच करू नये, कारण चारचौघांत विचारले की माणूस नाही म्हणू शकत नाही आणि मग होकार मनापासून नसतो. निरोप पाठवून वेळ विचारावी, वडिलांची ओळख असेल तर त्यांनी एक शब्द टाकावा, पण मागणी स्वतःच करावी. वडिलांनी केली तर तो जुना ऋणानुबंध होतो आणि काकाजींना तुमच्या चुका तोंडावर सांगणे जड जाते.

मागणीत चार गोष्टी स्पष्ट याव्यात: कशासाठी, किती वेळा, किती वेळ, आणि नाही म्हणण्याची मोकळीक. आपल्या बोलीत ते साधारण असे होईल:

‘काकाजी, यंदा पहिल्यांदा आंबिया धरून राहिलो. दोन एकर हाय, सहाव्या वर्साची झाडं. तुमाले रोज फोन करून तरास नाही देत. पाणी तोडाच्या आधी, ताण सोडतानी, फळं बोराएवढी झाल्यावर, पावसाच्या आधी आन् गळ लागली त, अशा पाच वेळा अर्धा घंटा देसान का? कवा यायचं थे तुमी सांगा. औषधाचा निर्णय माहा मी घेईन, तुमचं नाव कुठीसा सांगणार नाही. जमत नसन त मोकळं सांगा, मनात काही ठेवणार नाही.’

यातले शेवटून दुसरे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटेल, पण मी ते वगळू देणार नाही. आधी सांगितलेली ठपक्याची भीती त्याच एका वाक्याने निघून जाते. आणि ते पाळायचेही असते: फवारणीनंतर कोणी विचारले की ‘काय मारलं?’ तर औषधाचे नाव सांगावे, काकाजींचे सांगू नये.

‘मला गुरू माना’, ‘तुमच्याशिवाय कोणी नाही’ अशी भाषा टाळावी. तिने समोरचा माणूस अवघडतो आणि मर्यादा नसलेल्या जबाबदारीची त्याला धास्ती वाटते. एका बहाराची मागणी असली की त्याला शेवट दिसतो. गुढीपाडव्याला सालदाराचे साल ठरते तेव्हा दोघांनाही पुढचा पाडवा माहीत असतो; ही मागणीही तशीच मुदतीची असावी.

काकाजी म्हणाले, ‘पाहू, ये कवातरी,’ तर तो होकार समजू नये. एकदाच, आठवड्याभराने, नेमकी तारीख विचारावी. तरीही मोघम उत्तर आले, तर त्यांच्याऐवजी कोणाकडे जावे असे ते सुचवतात का, ते विचारावे. बहुतेक वेळा ते एखादे नाव सांगतात आणि ते नाव उपयोगी ठरते, कारण अशा माणसाला त्यांच्या शब्दाचा आधार असतो.

भेटीच्या आधी आणि भेटीत

भेटीच्या आदल्या दिवशी एका पानावर तीन गोष्टी लिहा: मागच्या वेळी काय ठरले आणि त्याचे काय झाले, आज बागेची अवस्था काय आहे, आणि आजचे दोन प्रश्न. दोनच. तिसरा प्रश्न असेल तर बहुधा तो वाटणीत दुसरीकडे जायला हवा होता. प्रश्नाच्या खाली स्वतःचे उत्तर लिहावे, चुकीचे असले तरी चालेल. ‘ताण सोडू का?’ असे विचारण्यापेक्षा ‘माझ्या मते बांधाकडच्या झाडांचा ताण बसला आहे, विहिरीकडच्या चार ओळींचा बसलेला नाही, त्या ओळींना आणखी आठवडा थांबावे असे वाटते’ असे सांगितले, तर काकाजींना पूर्ण विचार पहिल्यापासून करावा लागत नाही. ते फक्त तुमच्या विचारातली चूक दाखवतात, आणि ते काम दहा मिनिटांचे असते. विहिरीच्या पाटाजवळच्या झाडांना ओल मिळत राहते, म्हणून ती मागे राहतात, हेही कदाचित तिथेच कळेल.

बागेत गेल्यावर सगळी बाग फिरवू नये. आधी पाच झाडे निवडून त्यांना रंगीत चिंधी बांधून ठेवावी: एक सर्वांत चांगले, एक सर्वांत वाईट, एक पाण्याजवळचे, दोन मधली. बहारभर तीच पाच झाडे दाखवावीत. काकाजींना मग तुमची 220 झाडे लक्षात ठेवावी लागत नाहीत, आणि ‘त्या चिंधीवाल्या वाईट झाडाचं काय झालं?’ असे ते स्वतःच विचारू लागतात. माझ्या पाहण्यात हे घडू लागले की मार्गदर्शन रुळते.

बोलणे चालू असताना लिहून घ्यावे. रेकॉर्डिंग करायचे असेल तर विचारूनच, आणि बहुतेक जुन्या माणसांना ते आवडत नाही हेही जाणून असावे. ठरलेला अर्धा तास संपला की आपणच उठावे. काकाजी रंगात येऊन जुन्या बहारांच्या गोष्टी सांगू लागले तर ऐकत बसावे, तो वेळ ते स्वतः देत आहेत. पण नवा प्रश्न काढू नये.

दोन भेटींच्या मधला फोन

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. व्हॉट्सॲपवर एक धूसर पान, त्याखाली ‘काकाजी हे काय आहे, काय फवारू?’ आणि दहा मिनिटांनी प्रश्नचिन्ह. अशा मेसेजला उत्तर द्यायचे तर काकाजींनाच पाच प्रश्न उलट विचारावे लागतात.

मधला मेसेज तेव्हाच पाठवावा, जेव्हा पुढच्या भेटीपर्यंत थांबल्यास नुकसान होईल. ताण चालू असताना अवकाळी पाऊस पडला, तर त्या दिवशी विचारणे योग्य आहे. संततधार पावसाने बागेत पाणी साचले आणि चर काढूनही निघत नाही, हेही तसेच. एखाद्या खोडावर डिंक दिसला, तर चार दिवसांनी काही बिघडत नाही. जमिनीलगतची साल तपासून, फोटो काढून, पानावर नोंद करून ठेवावी. गारपीट झाली तर पहिला फोन काकाजींना नव्हे, विमा काढला असेल तर त्या कंपनीला आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला करावा, कारण कळवण्याची मुदत तासांत मोजली जाते आणि काकाजींची बागही त्याच गारेखाली सापडलेली असू शकते.

मेसेज पाठवायचाच झाला तर तो एकाच वेळी पूर्ण पाठवावा. फोटो तीन: पूर्ण झाड, फांदी, आणि पान किंवा फळ हातात धरून जवळून, सकाळच्या उजेडात, सावली न पाडता. मजकूर असा:

‘काकाजी, नमस्कार. काल संध्याकाळी अर्धा तास पाऊस झाला, माती चार बोटे ओली झाली. आज ताणाचा 24 वा दिवस. पाने अजून पूर्ण मलूल नव्हती. माझा विचार: पाणी न देता ताण तसाच पुढे चालू ठेवावा आणि नव्या फुटीवर नजर ठेवावी. यात काही चुकत असेल तरच कळवा. उत्तर नाही आले तर असेच करतो.’

शेवटची दोन वाक्ये उत्तराचे ओझे काढून घेतात. काकाजींना विचार पटला तर त्यांना काहीच करावे लागत नाही. मात्र ही युक्ती जिथे मौन धोक्याचे ठरेल तिथे वापरू नये. ‘उत्तर नाही आले तर दुप्पट प्रमाणात मारतो’ असे लिहिणे म्हणजे त्यांना जबरदस्तीने फोन करायला लावणे होय.

मित्राच्या, चुलतभावाच्या बागेचे प्रश्न आपल्या नावावर पाठवू नयेत. एका माणसाला दिलेला वेळ असा चार माणसांत वाटला गेला की काकाजींना ते कळतेच.

गळीचा एक प्रसंग, तपशिलात

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या बागेत फळे गळू लागली असे समजा. घाबरून त्याच संध्याकाळी काकाजींकडे धावणे स्वाभाविक आहे, पण त्या वेळी तुमच्याकडे सांगण्यासारखे ‘लय गळून राहिलं’ एवढेच असते. त्याऐवजी तीन दिवस असे करावे. चिंधी बांधलेल्या पाच झाडांखालची जागा झाडून घ्यावी आणि रोज सकाळी तिथे पडलेली फळे वेचून तीन ढीग करावेत. एका ढिगात देठाच्या बाजूने तपकिरी-काळी पडून सडू लागलेली फळे, दुसऱ्यात बारीक छिद्र आणि त्याभोवती गोल मऊ डाग असलेली, तिसऱ्यात काहीच खूण नसलेली. देठाकडून सडणे हे बुरशीचे लक्षण आहे. छिद्राचा डाग बहुधा संध्याकाळी येणाऱ्या रसशोषक पतंगाचा असतो, पण फळमाशीही डंख मारते, म्हणून असे फळ कापून आत अळी आहे का पाहावे. खूण नसलेली फळे बहुधा झाडावरच्या पाण्याच्या, अन्नाच्या किंवा फळांच्या जादा भाराच्या ताणाने गळतात.

समजा तीन दिवसांत 64 फळे पडली: देठसडीची 41, छिद्राची 9, बिनखुणेची 14. आता काकाजींकडे पाच-पाच फळे पिशवीत घालून आणि हे आकडे घेऊन जावे. फळे हातात घेताच त्यांचे विचारणे बदलेल. ‘काय फवारलं?’ हा प्रश्न मागे पडेल आणि ते विचारतील की बहार धरण्याआधी झाडावरची सल काढली होती का, ओळीत पाणी साचते का. वाळलेल्या काड्यांवर, म्हणजे सलीवर, ही बुरशी टिकून राहते आणि पावसात तिथून फळाच्या देठावर येते, हे कारण त्यातूनच उलगडते. आपला तरुण कबूल करील की पहिल्याच बहारात सल नीट काढली गेली नव्हती. मग या वर्षापुरते काय करायचे (गळालेली फळे उचलून बागेबाहेर खड्ड्यात पुरणे, निचरा मोकळा करणे, शिफारशीतले बुरशीनाशक लेबलप्रमाणे) आणि तोडणीनंतर काय करायचे, हे वीस मिनिटांत ठरते. तेच ढीग न करता गेले असते तर त्यांना तुमच्या बागेत यावे लागले असते.

कळवणे, आणि न ऐकल्यास तेही कळवणे

सल्ला मिळाला की पंधरा दिवसांच्या आत एका ओळीचा निरोप द्यावा: काय केले, काय दिसले. उत्तराची अपेक्षा ठेवू नये. सांगितलेल्याचे पुढे काय झाले हे कधीच कळले नाही तर चांगला माणूसही हळूहळू आखडता हात घेतो, कारण त्याला आपला सल्ला बरोबर होता की चूक हे कळत नाही, आणि जाणत्याला त्याचीच सर्वांत जास्त उत्सुकता असते.

कधी त्यांनी सांगितलेले तुम्ही करणार नाही. मजूर मिळाला नाही, पैसा नव्हता, किंवा कृषी केंद्राच्या दुकानदाराने दुसरे सांगितले आणि ते पटले. तसे असेल तर ते तुमच्या तोंडूनच आधी कळावे. बाग रस्त्यालगत असते, काकाजी गाडीवरून जाताना पाहतातच. मात्र दुकानदाराने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्यापुढे तपासायला नेऊ नये. ते त्यांना दुकानदाराशी भांडायला लावणे आहे आणि गावात दोघांनाही एकत्र राहायचे असते.

परतफेड म्हणून पैसे पुढे करू नयेत, जोवर ते पैसे घेऊनच सल्ला देणारे नसतील. मिठाईचा डबाही दर वेळी नको. त्यांना खरोखर उपयोगी पडेल असे काहीतरी तुमच्याकडे असतेच. काळी माशी, जिच्यामुळे कोळशी पडते, ती एका बागेतून दुसऱ्या बागेत जाते. तुमच्या शिवारात ती दिसली की लगेच कळवणे हे त्यांच्या बागेसाठी मोलाचे आहे. त्यांचा ऑनलाइन अर्ज भरून देणे, माती परीक्षणाला जाताना त्यांचा नमुनाही नेणे, अमरावतीला जाताना काही आणायचे आहे का हे विचारणे, हे सगळे चालते. फक्त ते भेटीच्या दिवशीच करू नये, नाही तर सौदा वाटतो.

भार वाढल्याची चिन्हे

फोन मुलगा उचलू लागतो. उत्तरे ‘ठीक हाय’, ‘पाहून घे’ इतकी आखूड होतात. भेटीची वेळ दोनदा पुढे ढकलली जाते. यातले एखादे चिन्ह तोडणीच्या किंवा पेरणीच्या काळात दिसले तर त्याचा अर्थ एवढाच की ते कामात आहेत. तीच चिन्हे मे महिन्यात किंवा पोळ्यानंतरच्या सवडीतही दिसली तर तुमच्या मागण्या वाढल्या आहेत. अशा वेळी माफीचे लांब मेसेज पाठवू नयेत; त्यांनाही उत्तर द्यावे लागते. पुढची एक भेट स्वतःहून सोडून द्यावी आणि निरोप पाठवावा की या वेळी प्रश्न कृषी विज्ञान केंद्रात सुटला, आता थेट गळीच्या वेळी येतो. मग खरोखर तेव्हाच जावे.

बहार संपल्यावर

तोडणी आटोपली, व्यापाऱ्याचा हिशेब झाला की वहीचे एक पान तयार करून काकाजींना दाखवायला जावे: किती माल निघाला, किती गळला, फवारणीला किती खर्च आला, त्यांनी सांगितलेले कोणते लागू पडले आणि कोणते या जमिनीत लागू पडले नाही. ही बैठक त्यांच्या सवडीने, जानेवारीच्या गडबडीआधी घ्यावी. पुढच्या वर्षाची मागणी इथेच करायची, पण कमी. पाणी कधी तोडायचे हे आता तुम्हाला उमगले असेल, निचऱ्याचे काम दिसले असेल, बोराएवढ्या फळाच्या वेळी काय पाहायचे तेही वहीत आहे. तेव्हा पाच भेटींच्या जागी दोन मागाव्यात, ताण सोडताना एक आणि गळीच्या काळात एक, आणि सल काढायला त्यांच्याकडे माणूस कमी पडत असेल तर आपली माणसे दोन दिवस पाठवतो असे त्याच वेळी सांगून टाकावे.